न दिसलेलं वर्ष आणि न छापलेलं वर्ष

माणदेशावर काम करणाऱ्या अभ्यासकांच्या संदर्भयाद्या मी म्हसवडमध्ये बसून नीट लावून देतो. दुष्काळ, मेंढपाळ, सिद्धनाथ, म्हसवडचा जुना तलाव, विषय कुठलाही असो, यादीची अवस्था बहुधा सारखीच असते. पाचसहा वर्षं जसं सापडेल तसं वर्डमध्ये टंकत गेलेलं असतं. निम्मी यादी युनिकोडमध्ये आणि निम्मी जुन्या फाँटमध्ये. लेखकाचं नाव कुठे आधी, कुठे नंतर, आणि मध्येच ‘तत्रैव’.

मात्र ज्या यादीमुळे हे लिहावंसं वाटलं, ती विस्कटलेली नव्हती. ती फार नीटनेटकी होती. एका टंकलेखन केंद्रात ती ‘पूर्ण’ करून घेतलेली होती. जिथे वर्ष नव्हतं तिथे वर्ष बसवलेलं, प्रकाशक नव्हता तिथे प्रकाशक घातलेला. ती झोटेरोत विनातक्रार आयात झाली आणि प्रबंधाच्या संदर्भसूचीत सुबक उतरली. मार्गदर्शकांनी चार पुस्तकं कपाटातून काढून पडताळली, तर त्यांतली तीन वर्षं चुकीची निघाली. मग प्रश्न आला की उरलेल्यांतलं खरं किती? ते कुणालाच सांगता येईना. मूळ ओळीवर नवा मजकूर चढला होता आणि कोणता शब्द अभ्यासकाचा, कोणता केंद्राचा, हे कळायला काही खूण उरली नव्हती. सगळी यादी पुन्हा पुस्तकांवरून करावी लागली.

तेव्हापासून कुठलीही यादी आली की मी आधी तिची एक प्रत जशीच्या तशी बाजूला ठेवतो आणि प्रत्येक ओळीला क्रमांक देतो. तो क्रमांक पुढे शेवटपर्यंत नोंदीसोबत राहतो. मग एक्सेलमध्ये रकाने पाडतो : क्रमांक, प्रकार, लेखक, संपादक, अनुवादक, शीर्षक, कशात छापलं, खंड, अंक, वर्ष, प्रकाशक, ठिकाण, पानं, मूळ ओळ, टिपण आणि शेवटी उणीव. पहिल्या फेरीत ओळीवर जे आहे तेवढंच रकान्यात जातं. आपल्याला माहीत असलेलंसुद्धा भरायचं नाही. हा नियम पाळायला जड जातो, कारण हात शिवशिवतात. पण ‘यादीत काय होतं’ आणि ‘आपण काय आणलं’ हे वेगळं ठेवायची संधी या एकाच फेरीत मिळते.

एका यादीतल्या चार ओळी टंकल्या होत्या तशाच देतो.

```
37 ढेरे रा.चिं.-श्रीविठ्ठल एक महासमन्वय, श्रीविद्या पुणे ८४
38 तत्रैव, Rise of a Folk God, OUP
39 G.D. Sontheimer Pastoral Deities OUP 1989 पृ. 14-30
40 Karve I. On the Road, J. Asian Studies 22/1, 1962
```

सदतिसावी ओळ जवळजवळ पुरी आहे. ‘८४’चं १९८४ करायचं आणि ‘श्रीविद्या’चं श्रीविद्या प्रकाशन, पण तेही पुढच्या फेरीत. अंक मात्र रोमन लिपीत टाकायचे. देवनागरी अंकांतलं वर्ष संदर्भप्रणाली वर्ष म्हणून ओळखेल याचा भरवसा नाही, आणि मग क्रमवारी बिघडते.

अडतिसाव्या ओळीत ‘तत्रैव’चा अर्थ वरचेच लेखक, म्हणजे ढेरे. ओळी अकारविल्हे लावायच्या आधी असे शब्द सोडवून घ्यायचे. एकदा क्रम हलला की वरची ओळ दुसरीच होते आणि पुस्तक भलत्याच्या नावावर जातं. ही नोंद सदतिसाव्याच पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादाची आहे. अनुवाद ॲन फेल्डहाउस यांचा, ऑक्सफर्डने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला. अभ्यासकाने अनुवादिकेचं नावही दिलेलं नाही आणि वर्षही नाही. घाईत काम करणारा माणूस इथे वरचंच १९८४ खाली ओढतो. पहिल्या फेरीत या ओळीसमोर मी फक्त ‘उणीव : वर्ष, अनुवादक’ एवढंच लिहितो.

एकोणचाळिसाव्या ओळीतली पानं फसवी आहेत. झोंथायमर यांचं ते अख्खं पुस्तक आहे, त्यामुळे १४ ते ३० ही पुस्तकाची पानं नव्हेत, अभ्यासकाने ज्यांचा आधार घेतला ती आहेत. पुस्तकाच्या नोंदीत SP या खुणेपुढे ती घातली तर झोटेरो त्यांना एकूण पृष्ठसंख्या समजतं. ती टिपणात ठेवायची आणि तळटीप देताना वापरायची. चाळिसाव्या ओळीत उलट आहे. इरावती कर्वे यांचा तो नियतकालिकातला लेख आहे, ‘२२/१’ म्हणजे खंड २२, अंक १. इथे लेखाची पहिली आणि शेवटची पानं हवीतच, आणि तीच नेमकी नाहीत. म्हणून प्रकाराचा रकाना मी सर्वांत आधी भरतो. पुस्तक, पुस्तकातला लेख, नियतकालिकातला लेख, प्रबंध, अहवाल यांपैकी काय ते ठरल्याशिवाय काय गहाळ आहे हे सांगताच येत नाही.

आता उणिवेचा रकाना. सगळं काम या रकान्यावर उभं आहे. रिकामी जागा दोन जातींची असते. एक म्हणजे माहिती छापलेली आहे, पण यादीत उतरलेली नाही. दुसरी म्हणजे पुस्तकातच ती छापलेली नाही. आमच्याकडे मार्गशीर्षात सिद्धनाथाची रथयात्रा भरते. अशा यात्रांत मिळणाऱ्या माहात्म्याच्या पुस्तिकांवर पुष्कळदा वर्ष नसतं, कधी लेखकही नसतो. पुस्तिका हातात घेऊन, मलपृष्ठासकट उलटूनही वर्ष सापडलं नाही, तरच ‘वर्ष छापलेले नाही’ असं लिहायचं. पुस्तिका पाहिलीच नसेल तर ‘वर्ष पाहायचे’. दोन्हींसाठी नुसती रिकामी चौकट सोडली, तर सहा महिन्यांनी शोध कुठे घ्यायचा आणि कुठे थांबायचं हे कळत नाही.

भरलेलं वर्षसुद्धा कधीकधी उणीवच असते. एका यादीत ओव्यांच्या संग्रहापुढे १९०१ असं वर्ष होतं. संग्रह हातात घेतला तर मुद्रकाच्या पत्त्यात पिनकोड होता. पिनकोड देशात १९७२ मध्ये सुरू झाला, तेव्हा हे १९०१ इसवी सनाचं असणं शक्य नव्हतं. आतल्या पानावर ‘शके’ होतं, टंकताना तेवढा शब्द गळला होता. शकात ७८ मिळवले की १९७९ येतं. चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९ मिळवायचे. महिना छापलेला नसेल तर १९७९-८० असं टिपणात लिहून ठेवावं.

गहाळ माहिती शोधताना माझा क्रम ठरलेला आहे. आधी पुस्तकाचं शीर्षकपान आणि त्यामागचं पान, मग मोठ्या ग्रंथालयाची सूची, आणि दुसऱ्याच्या प्रबंधातली संदर्भसूची अगदी शेवटी, तीही फक्त माग काढण्यापुरती. सूचीत पहिल्या आवृत्तीचं वर्ष सापडलं म्हणून ते लगेच उचलायचं नाही. अभ्यासकाने दुसरी आवृत्ती वाचली असेल तर त्याचे पृष्ठांक त्या आवृत्तीचे असतात. वर्ष पहिलीचं आणि पानं दुसरीची, अशी नोंद वाचणाऱ्याला कुठेच नेत नाही. जे भरलं ते कुठून आणलं हेही टिपणात लिहावं.

आयातीसाठी मी आरआयएस हा साचा वापरतो, कारण तो साध्या डोळ्यांनी वाचता येतो. अडतिसावी ओळ पहिल्या फेरीनंतर त्यात अशी बसते.

```
TY  - BOOK
AU  - Dhere, R. C.
TI  - Rise of a Folk God
PB  - OUP
LA  - en
KW  - वर्ष-पाहायचे
KW  - अनुवादक-पाहायचे
N1  - मूळ ओळ 38
ER  - 
```

वर्षाची PY ही ओळ इथे मुद्दामच नाही. तिच्या जागी KW आहे. KW पुढचा मजकूर झोटेरोत टॅग होतो. आयातीनंतर ‘वर्ष-पाहायचे’ या टॅगवर क्लिक केलं की अडलेल्या सगळ्या नोंदी एकत्र पुढे येतात, आणि ती यादी घेऊन ग्रंथालयात जाता येतं. पुस्तक मिळालं की वर्ष भरायचं, टॅग काढायचा.

लेखकाच्या नावातला स्वल्पविराम विसरू नये. आडनाव, मग स्वल्पविराम, मग आद्याक्षरं. तो नसला तर झोटेरो सगळं नाव एकाच खान्यात टाकतं आणि झोंथायमर ‘G’खाली जाऊन बसतात. संस्थेच्या नावाला उलट स्वल्पविराम नको. ‘शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन’ असं लिहिलं तर ‘शिक्षण विभाग’ आडनाव होतं आणि ‘महाराष्ट्र शासन’ पाळण्यातलं नाव.

यादी मोठी असेल तर एक्सेलच्या रकान्यांवरून वर्डच्या मेल मर्जने हा साचा तयार करता येतो. आपल्याकडे कार्यालयांत पत्रं काढायला वापरतात तेच मेल मर्ज, फक्त प्रकार डिरेक्टरी निवडायचा. पण वर्डला एक खोड आहे. दोन शब्दांमधली आखूड रेघ ते आपोआप लांब करतं. TY नंतर दोन स्पेस, साधी रेघ आणि पुन्हा एक स्पेस हवी. रेघ लांब झाली की ती खूणच राहत नाही, आणि फाइल ओळखता येत नाही असा निरोप येतो. ही स्वयंसुधारणा आधी बंद करावी. मग फाइल साध्या मजकुराच्या रूपात, UTF-8 निवडून जतन करावी आणि नावाच्या शेवटी .ris करावं. UTF-8 निवडायचं राहून गेलं तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात.

जुन्या फाँटमधला मजकूर एक्सेलमध्ये चिकटवला की रोमन अक्षरांचा गुंता दिसतो. तो आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा आणि नंतर रफार व जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावीत. ‘कर्वे’, ‘माहात्म्य’ असे शब्द तिथेच बिघडतात.

पहिल्यांदा सगळी फाइल आयात करू नये. एक मराठी पुस्तक, एक अनुवाद आणि एक नियतकालिकातला लेख, एवढ्याच नोंदी वेगळ्या संग्रहात आणून प्रत्येक खाना उघडून पाहावा. अनुवादकासाठी A4 ही खूण आहे, पण प्रत्येक प्रणाली ती सारखीच वाचते असं नाही. नाव कुठे पडलं ते पाहूनच पुढे जावं. पूर्ण आयातीनंतर नोंदींची संख्या मूळ ओळींशी जुळते का ते मोजावं. कमी भरली तर एखाद्या नोंदीची TY किंवा ER ही खूण बिघडली आहे का ते पाहावं. जास्त भरली तर एकच ओळ दोन ठिकाणी तुटलेली असते. दुहेरी नोंदी झोटेरो स्वतः शोधून दाखवतं, पण ‘ढेरे’ आणि ‘Dhere’ हे एकच आहेत हे त्याला कळत नाही. तेवढी जुळणी माणसालाच करावी लागते.

यादी परत देताना मी अभ्यासकाला आरआयएस फाइल देतो, एक्सेल देतो आणि मूळ प्रतही देतो. उणिवांचा रकाना रिकामा करूनच द्या असा आग्रह पुष्कळ जण धरतात. तिथे मी नमत नाही. ज्या पुस्तिकेवर वर्ष छापलेलंच नाही, तिची नोंद ‘वर्ष-छापलेले-नाही’ या टॅगसकटच त्यांच्या हाती जाते, आणि संदर्भसूचीत तिथे कुठलंही वर्ष छापून येत नाही.