मेलेल्या नोडांचं ओझं कुठे पडतं

बायनरी सर्च ट्रीमधून नोड खरोखर काढणं कटकटीचं असतं. त्याला दोन मुलं असतील तर उजव्या फांदीतला सर्वांत लहान नोड शोधून त्याच्या जागी बसवायचा, जोडण्या बदलायच्या, आणि ट्री एव्हीएल असेल तर मुळापर्यंत तोल सावरत जायचं. म्हणून अनेक जण लेझी डिलीशन करतात: नोड जागेवरच ठेवतात आणि त्याच्यावर `deleted` अशी खूण करतात. शोध अशा नोडाला उत्तर मानत नाही, पण वाट ठरवण्यासाठी त्याची किल्ली वापरतो.

मी ज्या प्रणालीवर काम करत होतो, तिथे ठरलेल्या वेळी ग्राहकांना संदेश पाठवायचे होते. ट्रीमध्ये किल्ली म्हणजे पाठवायची वेळ, आणि संदेश गेला की नोडावर खूण. काही काळाने संदेश उशिरा जाऊ लागले. सगळ्यांचा पहिला संशय शोधावर गेला, कारण मेलेले नोड वाढले की शोध मंदावणार असं वाटणं साहजिक आहे. पण एका किल्लीचा शोध जवळपास पूर्वीइतकाच जलद होता.

त्याचं कारण उंचीत आहे. 10 लाख नोडांच्या नीट तोललेल्या ट्रीला साधारण 20 पातळ्या लागतात. त्यातले 9 लाख मेलेले असले, तरी उरलेल्या 1 लाखासाठी 17 पातळ्या लागल्याच असत्या. म्हणजे दहातले नऊ नोड निरुपयोगी झाल्यावरही एका शोधाला तीनेक तुलनाच जास्त पडतात. ट्री निम्मा मेलेला असेल तर फक्त एक.

खरा घोटाळा होता ‘पुढचा संदेश कोणता’ या प्रश्नात. त्यासाठी सर्वांत डावीकडचा जिवंत नोड हवा, आणि मेलेले सगळे नेमके डावीकडेच साचलेले, कारण जुन्या वेळा तिथेच असतात. प्रोग्राम क्रमाने एकेक मेलेला नोड ओलांडत पुढे जाई. एक संदेश गेला की पुढच्या वेळी ओलांडायला आणखी एक नोड. असे 1 लाख संदेश गेले की फुकटच्या भेटींची बेरीज सुमारे 500 कोटी होते. मेलेले नोड ट्रीभर विखुरलेले असते, तर निम्मे मेलेले असतानाही पुढचा जिवंत नोड सरासरी एखाद-दोन पावलांवर सापडला असता. म्हणून किती मेले यापेक्षा कुठे मेले हे आधी बघा. ओळखायची खूण सोपी आहे: प्रत्येक प्रश्नाला किती नोड पाहिले आणि किती उत्तरं दिली, हे दोन आकडे मोजा. शोध आणि ‘पुढचा’ यांची वेळ एकत्र मोजलीत, तर सरासरीत हे दडून जातं.

ट्रीची पुनर्बांधणी हा नेहमीचा उपाय आहे. क्रमाने फिरून जिवंत नोंदी यादीत घ्यायच्या, मधली मूळ करायची आणि दोन्ही बाजूंना तेच करत जायचं. काम नोडांच्या संख्येच्या प्रमाणात. मेलेले निम्म्याहून जास्त झाले की बांधा, हा नियम चांगला आहे: तोवर तितकी डिलीशन होऊन गेलेली असतात, त्यामुळे बांधणीचा खर्च प्रत्येक डिलीशनवर वाटला की थोडाच येतो. पण हा हिशोब डिलीशनचा आहे, ‘पुढच्या’चा नाही. 10 लाखांच्या ट्रीत नियम लागू होईपर्यंत डावीकडे 5 लाख मेलेले नोड साचू शकतात, आणि तोवरचा प्रत्येक प्रश्न ते ओलांडत राहतो.

आमचा प्रश्न सुटला तो प्रत्येक नोडात `live`, म्हणजे त्याच्या उपवृक्षात जिवंत किती, हा आकडा ठेवल्यावर. मग पूर्ण मेलेली फांदी आत न शिरताच सोडता येते:

```
def first_live(t):
    while t:
        if t.left and t.left.live > 0:
            t = t.left
        elif not t.deleted:
            return t
        else:
            t = t.right
    return None
```

आता काम ट्रीच्या उंचीइतकंच, म्हणजे 20 पावलांच्या आसपास. हा आकडा मात्र जपावा लागतो. नोड फिरवताना तो पुन्हा काढायचा. डिलीट करताना नोंद सापडली आणि ती जिवंत आहे याची आधी खात्री करायची, मगच वाटेवरचे आकडे एकेकाने घटवायचे. नाहीतर तीच नोंद दोनदा डिलीट झाली की जिवंत फांदी मेलेली दिसू लागते आणि तिच्यातले संदेश कधीच जात नाहीत. मेलेली किल्ली पुन्हा आली तर खूण काढायची, आकडे वाढवायचे आणि आतली माहितीही नवी घालायची. ही शेवटची गोष्ट विसरली जाते, आणि मग जुनाच मजकूर पुन्हा जिवंत होतो.

`live` ठेवल्यावर पुनर्बांधणीची निकड कमी होते, पण स्मृती अडकलेली राहतेच, म्हणून निम्म्याचा नियम तसाच ठेवा. बांधणी चालू असताना बाकी कामं थांबतात, तेव्हा ती वर्दळ नसताना उरका. फक्त एखादी मेलेली फांदी बांधून काढायचा मोह होतो. स्केपगोट ट्रीमध्ये ते जमतं, कारण त्याची रचनाच उपवृक्ष नव्याने बांधण्यावर उभी आहे. एव्हीएलमध्ये मात्र फांदीची उंची एकदम दोन-तीन पातळ्यांनी घटू शकते, आणि नोड घालताना लागणारी एखाद-दुसरी फिरवणी तो फरक भरून काढेल असं नाही. तिथे सबंध ट्रीच नव्याने बांधावा.