स्नेहसंमेलनासाठी गोंधळ : नायक बोलावतो, झील उत्तर देते



स्नेहसंमेलन जवळ आलं की गोंधळाचं गाणं हमखास निवडलं जातं. स्पीकरवर रेकॉर्ड लागते, मुलं कवड्यांच्या माळा घालून नाचतात, टाळ्या पडतात. पण खाली उतरलेल्या मुलाला विचारा, "गोष्ट काय होती रे?" बहुतेक वेळा त्याला सांगता येत नाही. खरं तर गोंधळ म्हणजे देवीला बोलावून तिची गोष्ट सांगणं. म्हणून या लेखात रेकॉर्डशिवाय, मुलांच्याच तोंडून सादर होईल अशी छोटी संहिता आणि ती बसवण्याची रीत देत आहे. इयत्ता तिसरी-चौथीला ती झेपते.

आधी मुलांना शब्द समजावून द्या. "वर्गात गोंधळ घालू नका" हे वाक्य त्यांना पाठ असतं, त्यामुळे नाव ऐकताच ती हसतात. त्यांना सांगा की लग्नकार्यानंतर घरात देवीचा गोंधळ घालतात, तो गोंधळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेला विधी आहे. पाटावर धान्याचा चौक मांडतात, घट बसवतात, दिवटी पेटवतात. पूर्वरंगात देवदेवतांना गावाच्या नावासह बोलावतात आणि उत्तररंगात आख्यान सांगतात. मुख्य गोंधळी तो नायक. त्याच्या ओळीला साथीदार जे पालुपद धरतात ती झील. संबळ, तुणतुणं आणि झांज ही त्यांची वाद्यं.

आपण गोष्ट निवडली आहे तुळजाभवानीची. कर्दम ऋषींची पत्नी अनुभूती तपाला बसली होती. कुकुर नावाच्या दैत्याने तिला त्रास दिला. तिने देवीचा धावा केला आणि देवी त्वरित धावून आली, म्हणून ती त्वरिता. त्वरिताचं तुरजा आणि पुढे तुळजा झालं, असं परंपरा सांगते. हीच कथा घेण्याचं कारण सोपं आहे. कथेत हाक आहे आणि हाकेला उत्तर आहे. झीलही तेच काम करते.

प्रत्येक ओळ चार टाळ्यांची आहे. झीलही चार टाळ्यांची : धाव, गं आई, धाव, गं.

आवाहन

नायक : माहुरगडची माय रेणुका
झील : ये गं आई, अंगणी ये
नायक : तुळजापुरची माय भवानी
झील : ये गं आई, अंगणी ये
नायक : कोल्हापुरची अंबाबाई
झील : ये गं आई, अंगणी ये
नायक : वणीगडाची सप्तशृंगी
झील : ये गं आई, अंगणी ये
नायक : वेशीवरची गावदेवी
झील : ये गं आई, अंगणी ये

आख्यान

नायक : बालाघाटी डोंगरमाथा, रानामध्ये एक झोपडी
झील : धाव गं आई, धाव गं
नायक : अनुभूती ती बसली ध्यानी, डोळे मिटले, हात जोडले
झील : धाव गं आई, धाव गं
नायक : कुकुर आला दैत्य दांडगा, पायाखाली रान तुडवले
झील : धाव गं आई, धाव गं
नायक : तप मोडाया धावुन आला, अनुभूतीने हाक मारली
झील : धाव गं आई, धाव गं (तीनदा, आवाज चढवत)

(वाद्यं थांबतात.)
साथीदार : अहो नायक, हाक तर मारली. मग काय झालं?
नायक : रानात चिटपाखरू नाही. कोण ऐकणार?
साथीदार : मग ऐकलं कुणी?
नायक : ऐका तर!

नायक : हाक पोचली, ढग गडगडले, त्वरित धावली माय भवानी
झील : आली गं आई, आली गं
नायक : रेडा होउन दैत्य उठला, शिंगे रोखुन पुढे धावला
झील : आली गं आई, आली गं
नायक : त्रिशुळ लागला, दैत्य कोसळे, शांत जाहले सगळे रान
झील : आली गं आई, आली गं
नायक : त्वरित धावली म्हणून त्वरिता, बोलीमध्ये झाली तुळजा
झील : आली गं आई, आली गं
सर्व : उदो! उदो! उदो!

आवाहनातल्या पहिल्या चार ओळी म्हणजे साडेतीन पीठं. माहूर, तुळजापूर, कोल्हापूर ही पूर्ण आणि वणीचं अर्धं. नकाशात ती शोधायला लावा. पाचव्या ओळीत आपल्या गावदेवीचं नाव घाला, टाळ्या मात्र चारच ठेवा.

आता मुख्य गोष्ट. आख्यानाच्या झीलेत बदल फक्त एकदाच होतो : "धाव" चं "आली" होतं. सगळी कथा या एका वळणावर उभी आहे. म्हणून गोष्ट आधी नुसती सांगा आणि मुलांना विचारा, "आता तुम्ही काय म्हणाल? अजून हाक मारायची, की आली म्हणायचं?" मुलं स्वतः ठरवतात, मग तिथे चुकत नाहीत. केवळ पाठ केलं तर निम्मी मुलं पाचव्या कडव्याला "धाव" च म्हणतात. मुलं कथा ऐकत नाहीत, याची ती खूण आहे.

चोवीस मुलांच्या वर्गात अशी वाटणी जमते : चार नायक (प्रत्येकाला दोन कडवी आणि आवाहनाची एक ओळ, पाचवी ओळ चौघांनी मिळून), सोळा झीलकरी, दोन वादक, एक तुणतुणंवाला, एक दिवटीवाला. झीलकऱ्यांतला एक साथीदार होतो. वाचनात मागे असलेलं मूलही झील पहिल्याच दिवशी धरतं, कारण तिला कागद लागत नाही. मात्र त्याला कायम तिथेच ठेवू नका. नायकाच्या ओळी सगळ्यांकडून ऐकून पाठ करून घ्या. आठवड्याने त्याच्याकडे एक कडवं देता येतं.

तालमीत दोन अडचणी नक्की येतात. पहिली, झील उशिरा सुरू होते. मुलं नायक थांबण्याची वाट पाहतात आणि मध्ये एक टाळी रिकामी जाते. त्यावर उपाय असा की नायकाच्या शेवटच्या टाळीवर झीलकऱ्यांनी श्वास घ्यायचा, पुढच्या टाळीवर आवाज. दोन दिवस नुसत्या टाळ्यांवर हे करून घ्या, वाद्य नंतर. दुसरी, लय वाढत जाते. मुलांना जोर आणि वेग एकच वाटतात. एका शिक्षकाने मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहावं. "रेडा होउन" हे शब्द तिथे स्पष्ट ऐकू आले नाहीत, तर लय जास्त झाली आहे. तीनदा म्हणायच्या झीलेत आवाज वाढवा, टाळी तीच ठेवा.

संबळ म्हणजे दोन वेगवेगळ्या आवाजांच्या वाद्यांची जोडी, ती काठ्यांनी वाजवतात. ती मिळाली नाही तर एक मोठा आणि एक लहान पत्र्याचा डबा घ्या, म्हणजे जाड आणि बारीक असे दोन आवाज मिळतात. गावात गोंधळी असतील तर त्यांना तालमीला सन्मानाने बोलवा, ठेका तेच उत्तम शिकवतील. दिवटी मात्र खरी पेटवू नका. काठीला बॅटरी बांधून वर नारिंगी कागद लावला की पुरे.

एक मर्यादा पाळू या. आपण रंगमंचावर गोष्ट सादर करतो आहोत, विधी नाही. त्यामुळे घट, पूजा, अंगात येण्याची नक्कल हे नको. ज्यांच्या घरी गोंधळ प्रत्यक्ष होतो त्यांना ती थट्टा वाटू शकते. वेगळ्या धर्माच्या मुलांच्या पालकांशी आधी बोलून घ्या. एखाद्या मुलाला देवीचं नाव घ्यायचं नसेल तर वाद्यं आणि दिवटी आहेतच, त्यांच्यावाचूनही गोंधळ उभा राहत नाही.

सादरीकरण चार-पाच मिनिटांचं होतं. कार्यक्रमानंतर मुलांना एकच प्रश्न विचारा : "झील कुठे बदलली आणि का?" त्यांचं उत्तर ऐकलं की गोष्ट पोचली का ते कळेल.