मैत्रिणीची उत्तरपत्रिका

समजा, मुठा गावातली दहावीतली एक मुलगी आहे. बीजगणिताच्या सराव परीक्षेत तिला 40 पैकी 17 पडले आणि शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला 34. घरी पहिला प्रश्न येतो, "तिला किती पडले?" मुलीच्या पोटात गोळा येतो. मैत्रिणीचा राग येतो आणि त्या रागाची लाजही वाटते. मला हा हेवा वाईट वाटत नाही. आपल्याला काय हवंय, हे तो नेमकं दाखवतो. फक्त 34 हा आकडा बघून करण्यासारखं काही सापडत नाही, म्हणून मैत्रिणीची उत्तरपत्रिका मागून घ्यावी.

दोन्ही पेपर शेजारी ठेवून प्रश्नवार गुण मांडा. बोर्डाच्या आराखड्यात पहिले दोन प्रश्न मिळून 20 गुणांचे असतात: पर्याय निवडा, एका गुणाची सोपी उदाहरणं, रिकाम्या चौकटी भरायच्या कृती आणि दोन गुणांची उदाहरणं. आपल्या मुलीला तिथे 12 आहेत, मैत्रिणीला 19. उरलेल्या 20 मध्ये मुलीला 5, मैत्रिणीला 15. म्हणजे 17 गुणांच्या अंतरापैकी 7 सोप्या प्रश्नांत गेले. ते का गेले, ते ओळीओळीने वाचा. कुठे चिन्ह चुकलं, कुठे सूत्रच आठवलं नाही, कुठे चौकट कोरी राहिली. मैत्रिणीने प्रत्येक पायरी लिहिली आहे, त्यामुळे शेवटचं उत्तर चुकूनही तिला गुण मिळालेत, हेही तिथेच दिसतं.

आता पुढच्या परीक्षेचं लक्ष्य 34 ठेवायचं नाही. पहिल्या दोन प्रश्नांतले ते 7 गुण, एवढंच. चार गुणांची अवघड उदाहरणं थोडे दिवस थांबली तरी चालतील. अनेक पालक इथेच घाई करतात आणि मुलाच्या हातून दोन्ही सुटतं.

पुढचा पेपर अवघड निघाला. मुलीला 18 पडले. घरच्यांना वाटलं, महिनाभर राबून एकच गुण वाढला. पण मैत्रीण 34 वरून 29 वर आली होती. मुठा खोऱ्यात पाऊस जोराचा झाला की सगळेच ओढे एकदम चढतात, आणि पावसाने ओढ दिली की सगळेच एकदम उतरतात. पेपरचंही तसंच, म्हणून एकट्याचे गुण बघून प्रगती कळत नाही. तोच पेपर सोडवलेली मैत्रीण इथे मोजपट्टी होते. दोघींतलं अंतर 17 वरून 11 वर आलं होतं. सोप्या प्रश्नांतलं 7 चं अंतर 2 वर आलं, उरलेल्यातलं 10 वरून 9 वर.

ही मोजपट्टी एकाच शाळेच्या, एकाच पेपरपुरती खरी. पिरंगुटच्या क्लासमधल्या किंवा पुण्यातल्या भावंडांच्या गुणांशी ताडून बघितलं तर काहीच कळणार नाही, कारण त्यांचा पेपर वेगळा आणि तपासणारेही वेगळे. एकाच परीक्षेवरूनही निष्कर्ष काढू नये, कारण मैत्रिणीचाही एखादा दिवस वाईट जाऊ शकतो. तीन पेपरांतली अंतरं एका पानावर लिहून ठेवा. आपल्या मुलीच्या पानावर आता पुढची नोंद तिसऱ्या प्रश्नाची आहे, तीन गुणांच्या उदाहरणांची.