हेजे की हेजी?

अगं, सोलच्या वकीलसाहेबांनी कराराच्या अनुवादातल्या तुझ्या शब्दावर लाल रेघ मारली म्हणून एवढी हिरमुसू नकोस. आणि चिडून शब्दकोशातली पानंही पाठवू नकोस त्यांना. शब्दकोश इथे दोघांचीही बाजू घेईल.

घोळ मूळ इंग्रजीत आहे. ‘टर्मिनेट’ म्हणजे करार संपवणे, पण मागचं सगळं धरून की इथून पुढे, हे तो शब्द सांगत नाही. कोरियन भाषेत मात्र ते आधी ठरवावं लागतं. तू ‘हेजे’ लिहिलंस. हेजे झालं की त्यांच्या नागरी संहितेच्या कलम ५४८ प्रमाणे दोन्ही पक्षांनी एकमेकांना पूर्वस्थितीत आणायचं, आणि पैसे परत करायचे तर ते मिळाल्या दिवसापासूनच्या व्याजासकट. वकीलसाहेबांना हवंय ‘हेजी’. कलम ५५० प्रमाणे हेजीने करार फक्त पुढच्यासाठी संपतो, झालेलं तसंच राहतं.

आता तुझा करार बघ. दोन वर्षं दरमहा सुटे भाग पुरवायचे. समजा ऑक्टोबरमध्ये करार मोडला. सप्टेंबरपर्यंतचे भाग गाड्यांत बसून विकलेही गेले. ते परत कसे करणार? त्या कलमात वकीलसाहेब बरोबर आहेत, ते मान्य कर. पण त्याच दस्तऐवजाच्या परिशिष्टात एक साचा विकत घेतलाय ना, निम्मी रक्कम आगाऊ देऊन? साचा आलाच नाही तर ती रक्कम परत हवी. तिथे तुझं हेजेच बसतं. त्यांनी सगळीकडे एकच शब्द लावलाय, कारण तपासताना त्यांच्यासमोर बहुतेक मुख्य कलमंच होती.

म्हणून त्यांना ‘कोणता शब्द बरोबर?’ असं विचारू नकोस. ‘या कलमाखाली करार संपला तर आधी दिलेल्या पैशांचं काय?’ असं विचार, प्रत्येक कलमासाठी वेगळं. वकील शब्दावर अडून बसतात, परिणामांवर लगेच बोलायला लागतात.

एखादं कलम दोन्हीकडे लागू पडत असेल तर ‘हेजे किंवा हेजी’ असं लिहायची कोरियन करारांत सर्रास पद्धत आहे. पण मला विचारशील तर अडलीस तरच ती वापर. पैशांचा प्रश्न त्याने सुटत नाही, नुसता पुढे ढकलला जातो. तेव्हा मसुदा करणाऱ्यालाच विचारावं. करार भारतीय कायद्याखाली आहे का आणि वादात इंग्रजी प्रतच ग्राह्य आहे का, हेही लागू कायद्याच्या आणि भाषेच्या कलमांत तपासून घे. तसं असेल तर तळटीप पुरेल: या शब्दाला कोरियन संहितेतला अर्थ आपोआप चिकटत नाही.

ठरलेलं मात्र मेलवर लेखी घे, कलम क्रमांकासकट, आणि दोन्ही शब्द हंगुलमध्ये लिहून. फोनवर हेजे म्हटलेलं हेजी ऐकू यायला वेळ लागत नाही.