गुणोत्तर एकाहून कमी, पण किती?

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातील गणिताच्या एका सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांसाठी मराठीत लिहिलेली टिपणे माझ्याकडे भाषेच्या तपासणीसाठी दिली. विषय होता क्रमिकांच्या सीमा. आमच्या सीमाभागात हा शब्द गणिताच्या तासाला उच्चारला तरी मुले क्षणभर वेगळेच काही ऐकतात. इथे अर्थ एवढाच, की क्रमिकेची पदे ज्या संख्येच्या हवे तितके जवळ जातात आणि पुढे जवळच राहतात, ती संख्या म्हणजे सीमा. टिपणांत एक वाक्य होते: ‘एका टप्प्यानंतर लगतच्या पदांचे गुणोत्तर एकाहून लहान अशा एका ठरावीक संख्येच्या वर कधीच गेले नाही, तर धन पदांच्या त्या क्रमिकेची सीमा शून्य असते.’ मला ते बोजड वाटले. तांबड्या शाईने मी ते सुटसुटीत केले: ‘लगतच्या पदांचे गुणोत्तर सतत एकाहून कमी राहिले, तर सीमा शून्य असते.’ दुसऱ्या दिवशी वही परत आली. सहकारी म्हणाले, “सर, वाक्य छान झालं, पण आता ते खोटं आहे.”

ते खोटे का, हे समजायला मला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत जे उलगडले ते इथे मांडतो.

त्यांच्या टिपणांतले मुख्य उदाहरण असे:

a(n) = n!/n^n

अंशात क्रमगुणित, म्हणजे एकपासून n पर्यंतच्या सर्व संख्यांचा गुणाकार. छेदात n ला n वेळा घेऊन केलेला गुणाकार. दोन्ही अफाट वाढतात, आणि म्हणूनच नुसते पाहून कोण कोणाला मागे टाकतो हे सांगता येत नाही. पहिली पदे १, ०.५, ०.२२२, ०.०९४ अशी येतात. ती घटताना दिसतात खरी, पण चार पदांवरून कायमचा निष्कर्ष काढता येत नाही.

म्हणून प्रत्येक पद स्वतंत्रपणे न मोजता पुढच्या पदाला आधीच्या पदाने भागायचे. पुढच्या पदाच्या अंशात (n+1)! आहे, म्हणजे (n+1) गुणिले n!. छेदात (n+1)^(n+1) आहे, म्हणजे (n+1) गुणिले (n+1)^n. वरचा आणि खालचा (n+1) एकमेकांना छेदतात, भागाकारात n! ही निघून जाते, आणि उरते ते एवढेच:

a(n+1)/a(n) = n^n/(n+1)^n = 1/(1 + 1/n)^n

क्रमगुणित पूर्णपणे नाहीसे झाले. गुणोत्तराची ही रीत वापरायची ती यासाठीच.

याच पायरीवर विद्यार्थी हमखास चुकतात. छेदातला n पायातही आहे आणि घातांकातही. घाईत फक्त घातांक बदलला जातो आणि छेदात n^(n+1) लिहिले जाते. मग गुणोत्तर (n+1)/n येते, म्हणजे एकाहून जास्त, आणि क्रमिका वाढते असे उत्तर निघते. चूक ओळखायला पहिली दोन पदे पुरतात. दुसरे पद पहिल्याच्या निम्मे आहे, आणि चुकीचे सूत्र ते दुप्पट असल्याचे सांगते.

आता (1 + 1/n)^n चा विस्तार केला, तर पहिले पद १ आणि दुसरेही n × 1/n म्हणजे १. उरलेली पदे असली तर धनच. तेव्हा ही राशी कधीच दोनहून कमी नसते, आणि आपले गुणोत्तर कधीच निम्म्याच्या वर जात नाही. प्रत्येक पद आधीच्या पदाच्या फार तर निम्मे. पहिले पद १, म्हणून दहावे पद फार तर १/५१२. प्रत्यक्षात ते सुमारे ०.०००३६ आहे. निम्मे-निम्मे होत जाणारे काहीही शेवटी शून्याकडेच जाते. सीमा शून्य.

इथवर माझे सुटसुटीत वाक्यही चालले असते. ते मोडते ते (n+1)/n या साध्या क्रमिकेवर. तिची पदे २, ३/२, ४/३, ५/४ अशी आहेत. लगतची गुणोत्तरे ३/४, ८/९, १५/१६. प्रत्येक गुणोत्तर एकाहून कमी आहे, तरी क्रमिका शून्याकडे मुळीच जात नाही, तिची सीमा १ आहे. गुणोत्तरच एकाकडे सरकत असल्यामुळे दर पावलाला होणारी घट नाममात्र होत जाते. ‘ठरावीक संख्या’ हे शब्द ही पळवाट बंद करतात. निम्मे, ८/९, ०.९९, काहीही चालेल, पण ती संख्या आधी ठरलेली हवी आणि एकाहून लहान हवी. मी शब्द वाचवायला गेलो आणि नेमका आधारच काढून टाकला.

हा फरक केवळ मुद्दाम शोधलेल्या उदाहरणांपुरता नाही. वरच्याच क्रमिकेला 2^n ने गुणले, तर गुणोत्तर 2/(1 + 1/n)^n होते. राशी दोनहून कमी नाही एवढ्यावरून गुणोत्तर एकाहून जास्त नाही इतकेच कळते, आणि ते पुरत नाही. पहिली दोन पदे तर २ आणि २ अशी सारखीच आहेत. पण (1 + 1/n)^n ही राशी n बरोबर वाढत जाते. n = 2 ला ती ९/४ असते, म्हणून तिथून पुढे गुणोत्तर ८/९ च्या वर जात नाही. ठरावीक संख्या सापडली, सीमा पुन्हा शून्य. मात्र 3^n ने गुणले, तर चित्र पालटते. ती राशी e कडे, म्हणजे सुमारे २.७१८ कडे जाते, पण तिथवर कधी पोहोचत नाही. त्यामुळे गुणोत्तर नेहमी १.१ च्या वर राहते आणि पदे अनंताकडे जातात: ३, ४.५, ६, ७.५९.

मग e^n ने गुणले तर? गुणोत्तर एकाकडे जाते आणि ही कसोटी गप्प बसते. उत्तर दुसरीकडून आणावे लागते. जेम्स स्टर्लिंग यांच्या १७३० च्या ग्रंथाशी जोडल्या गेलेल्या सूत्रानुसार ही पदे 2πn च्या वर्गमुळाइतकी वाढतात. शंभरावे पद जेमतेम २५, तरी सीमा अनंतच. n^5 आणि 1/n^5 यांचीही गुणोत्तरे एकाकडे जातात, आणि त्यांतली एक क्रमिका अनंताला पोहोचते, दुसरी शून्याला. ठरावीक घातांक असलेला n चा घात या कसोटीला दिसतच नाही. त्याचा एक फायदाही आहे: n!/n^n ला n^5 ने गुणले, तरी निकाल शून्यच राहतो.

वहीतली माझी दुरुस्ती मी खोडली. खोडताना लक्षात आले, की ‘एका टप्प्यानंतर’ हे शब्दही मी गाळले होते. सहकाऱ्यांनी तिथेच समासात लिहून दाखवले: 100^n/n!. पहिले पद १००, दुसरे ५,०००, तिसरे दीड लाखाच्या वर. गुणोत्तर 100/(n+1). नव्याण्णवावे आणि शंभरावे पद सारखे, आणि तिथून उतरण सुरू. एकशे नव्याण्णवाव्या पदापासून प्रत्येक पुढचे पद आधीच्याच्या फार तर निम्मे. सीमा शून्य, पण माझे वाक्य या क्रमिकेबद्दल काहीच सांगू शकले नसते.