‘मीथिंक्स’ म्हणजे ‘मला वाटतं’ : जुने इंग्रजी शब्द मुलांना कसे समजावावेत?



आमच्या डोंबिवलीच्या शाळेत पाचवीतल्या एका मुलाला त्याच्या बाबांनी जुन्या पुस्तकांतून ‘रॉबिन हूड’ आणून दिलं. हॉवर्ड पाइल यांचं, १८८३ साली पहिल्यांदा छापलेलं. दुसऱ्याच दिवशी तो पुस्तक घेऊन आला आणि म्हणाला, “बाई, पुस्तकात चूक आहे. ‘मी थिंक्स’ लिहिलंय. ‘आय थिंक’ पाहिजे ना?”

खरं सांगते, मीही आधी “हो, ‘आय थिंक’च समज” असं सांगून मोकळी झाले. अर्थ जवळपास तोच लागतो. पण त्याची शंका बरोबर होती. ‘आय’च्या जागी ‘मी’ कसा, आणि ‘थिंक’ला ‘एस’ का? घरी जाऊन शब्दकोश पाहिला, तेव्हा कळलं की हे कोडं मराठी मुलाला फार सोपं आहे.

शब्द फोडून पाहू

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती. एकाचा अर्थ ‘विचार करणे’ आणि दुसऱ्याचा अर्थ ‘वाटणे, भासणे’. दोघांचे उच्चार जवळचे होते. पुढे ते एकमेकांत मिसळून दोन्हींचं ‘थिंक’ झालं. मग ‘वाटणे’वालं क्रियापद भाषेतून गेलं, पण ‘मीथिंक्स’ या एका शब्दात टिकून राहिलं.

आता फोड करा. यातला इंग्रजी ‘मी’ म्हणजे आपला ‘मी’ नव्हे, तर ‘मला’. ‘थिंक्स’ म्हणजे ‘वाटतं’. दोन्ही मिळून ‘मला वाटतं’!

‘एस’चं कारणही इथेच आहे. ‘मला वाटतं’ या वाक्यात ‘मी’ कर्ता नाही. ‘मला आंबा आवडतो’, पण ‘मला आंबे आवडतात’. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, माझ्याप्रमाणे नाही. तसंच ‘मीथिंक्स’मध्ये कर्ता ‘ते’ आहे, म्हणजे ‘इट’. तो लिहिलेला नसतो, पण क्रियापद त्याच्याप्रमाणे चालतं, म्हणून ‘एस’ लागतो. भूतकाळात हाच शब्द ‘मीथॉट’ होतो, म्हणजे ‘मला वाटलं’.

आजचा इंग्रज मुलगा ‘आय थिंक’ म्हणतो. त्याला ही रचना विचित्र वाटते. आपली मुलं ती घरात रोज बोलतात. मराठी वाचक या शब्दाला फार पूर्वी भेटले आहेत. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये तो येतो, आणि आगरकरांनी त्या नाटकाचं ‘विकारविलसित’ हे मराठी रूपांतर १८८३ मध्येच प्रसिद्ध केलं.

आता ‘बिट्विक्स्ट’

हा ‘बिट्वीन’चा सख्खा भाऊ. अर्थ तोच, ‘च्यामध्ये’. दोन्हींच्या पोटात ‘टू’ म्हणजे ‘दोन’ हा शब्द लपलेला आहे, जसा आपल्या ‘दोहोंमध्ये’त ‘दोन’ आहे. शेवटचा ‘ट’ मात्र मूळचा नाही. तो मागाहून चिकटला, जसा ‘अमंग’चा ‘अमंगस्ट’ झाला. मुलांना सांगा : ‘ठाणे आणि डोंबिवली बिट्विक्स्ट मुंब्रा’ असं नाही म्हणायचं. ‘मुंब्रा इज बिट्विक्स्ट ठाणे अँड डोंबिवली’ म्हणायचं. आपल्याकडे ‘मध्ये’ गावांच्या नावांनंतर येतं, इंग्रजीत हा शब्द नावांच्या आधी.

‘बिट्विक्स्ट अँड बिट्वीन’ अशी जोडीही भेटते. तिचा अर्थ ‘धड इकडे ना धड तिकडे’.

मुलं कुठे अडखळतात?

एक, ‘मीथिंक्स’ वाचून मूल ‘ही थिंक्स’सारखा अर्थ लावतं आणि ‘मी’ नावाचं कुणी पात्र शोधतं! ओळखायची खूण सोपी आहे. “कुणाला वाटतंय?” असं विचारा. उत्तर ‘बोलणाऱ्याला’ आलं, तर अर्थ लागला.

दोन, आवडला म्हणून मूल हा शब्द निबंधात लिहितं. तिथे ‘आय थिंक’च हवं. आज ‘मीथिंक्स’ गमतीनेच वापरतात. पाइल यांच्या काळातही तो जुनाच होता. गोष्ट जुन्या काळातली वाटावी म्हणून त्यांनी मुद्दाम वापरला, जसे आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत मावळे ‘जी धनी’ म्हणतात.

वर्गात करून पाहा

फळ्यावर तीन वाक्यं लिहा : मला वाटतं पाऊस येईल. मला वाटलं लोकल चुकली. मला भूक लागली. कोणत्या वाक्यात ‘मीथिंक्स’ बसेल, कोणत्यात ‘मीथॉट’, आणि कोणत्यात दोन्ही नाही? तिसऱ्या वाक्यातही ‘मला’ आहे, पण ‘वाटणे’ नाही. आमच्या वर्गात तिथेच जोरदार वाद झाला, आणि पुस्तक घेऊन आलेल्या त्याच मुलाने तो सोडवला.