दोरीने पाय चपळ होतात का?

प्रश्न : मुलगा बॉक्सिंग शिकतो, मुलगी फुटबॉल खेळते. दोरीवरच्या उड्यांचा दोघांना उपयोग होईल का? सुरुवात कशी करावी?
– एक वाचक, सास्तूर (जि. धाराशिव)

उत्तर : होईल, पण सारखा नाही. दोरीमुळे पोटरी आणि घोट्याला चवड्यावर पडताच पुन्हा उसळण्याची सवय लागते. बॉक्सरची हालचाल अशीच असते, शिवाय त्याच्या तीन मिनिटांच्या फेरीइतकाच दमही त्यातून घडवता येतो. फुटबॉलमध्ये मात्र थांबणे, वळणे आणि धावत सुटणे असते. ते दोरी शिकवत नाही. म्हणून मुलीने दोरी पाच-सात मिनिटे, सरावाआधी मारावी आणि दिशा बदलून धावण्याचा सराव वेगळा करावा.

दोरीच्या मध्यावर उभे राहिल्यावर मुठी काखेपर्यंत याव्यात. जागा सिमेंटची नको, चोपलेल्या मातीची हवी. पहिले दोन आठवडे, दिवसाआड, वीस सेकंद उड्या आणि चाळीस सेकंद विश्रांती, अशा आठ फेऱ्या कराव्यात. उडी दोरी जाण्यापुरतीच असावी. धपधप आवाज आला तर ती उंच होते आहे. पुढचे दोन आठवडे तीस-तीस सेकंद, मग पाय आलटून-पालटून एक मिनिट. बॉक्सरने यानंतरच तीन मिनिटांकडे जावे. नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागले, तर उड्या थांबवाव्यात; दुखणे गेल्यावर निम्म्यापासून सुरू करावे.